जमाव दूतावासात घुसला, तर उत्तर कोणी द्यायचं? देशाची जबाबदारी टप्प्याटप्प्याने कशी तपासावी

परदेशी दूतावासावर जमाव चालून जातो, किंवा सीमेपलीकडून आलेला सशस्त्र गट गावं जाळतो, आणि त्याच संध्याकाळी कोणीतरी म्हणतं की याला तो देश जबाबदार आहे. आंतरराष्ट्रीय कायदा नव्याने शिकणारा इथेच अडखळतो. हल्ला करणारे सैनिक नव्हते, सरकारी नोकरही नव्हते. मग देशाचा दोष कसा? की त्याच्या भूमीवर घडलं एवढं पुरे आहे?

एवढं पुरत नाही. आपल्या भूमीवर घडलेल्या प्रत्येक गुन्ह्याला देश आपोआप उत्तरदायी होत नाही. पण 'ती खाजगी माणसं होती' एवढं म्हणून तो सुटतही नाही. या दोन टोकांमध्ये नेमकं कुठे थांबायचं, हे तपासण्याची एक पद्धत आहे. मला ती सर्वांत नीट समजली ती १९७९ च्या तेहरान ओलीस प्रकरणातून, म्हणून तेच प्रकरण इथे उलगडून घेऊ. पद्धतीचं मर्म आधीच सांगतो. संपूर्ण घटनेबद्दल 'देश जबाबदार आहे का' असं विचारू नका. घटनेचे काळानुसार तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला तो प्रश्न वेगळा विचारा. उत्तरं वेगवेगळी येतात, आणि अख्खं प्रकरण त्या फरकावरच फिरतं.

पहिली पायरी : मोडलेला नियम नेमका शोधा

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ मध्ये देशांच्या जबाबदारीविषयी ५९ कलमांचा मसुदा पूर्ण केला. तो करार नाही, त्यावर कोणी सह्या केलेल्या नाहीत. तरीही न्यायालयं आणि लवाद त्याचा सतत आधार घेतात, कारण त्यातला बराचसा भाग म्हणजे आधीपासून चालत आलेला रूढ कायदाच आहे. त्याचं दुसरं कलम सगळ्याचा पाया आहे. त्यात दोनच अटी आहेत : कृती किंवा निष्क्रियता त्या देशाच्या नावावर मांडता आली पाहिजे, आणि तिने त्या देशावरचं आंतरराष्ट्रीय बंधन मोडलेलं असलं पाहिजे.

नवखे लोक पहिल्या अटीकडे धावतात. मी दुसरीपासून सुरुवात करायला सांगतो, कारण बंधन काय होतं हे ठरल्याशिवाय कोणाचं कृत्य शोधायचं हेच कळत नाही. दूतावासाच्या बाबतीत बंधन १९६१ च्या राजनैतिक संबंधांविषयीच्या व्हिएन्ना करारात आहे. त्याचं २२ वं कलम लक्षपूर्वक वाचा, कारण त्यात दोन वेगळी बंधनं आहेत. एक, यजमान देशाच्या अधिकाऱ्यांनी परवानगीशिवाय दूतावासात पाऊल टाकायचं नाही. दोन, दुसऱ्या कोणी घुसू नये, नासधूस करू नये यासाठी यजमान देशाने योग्य ती सर्व पावलं उचलायची. पहिलं बंधन 'करू नका' असं सांगतं, दुसरं 'करा' असं. राजदूत आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शरीराविषयी असंच दुहेरी बंधन २९ व्या कलमात आहे : त्यांना अटक करायची नाही, आणि दुसऱ्यांपासून त्यांचं रक्षण करायचं.

हा फरक पुढे फार कामाला येतो. 'करा' असं सांगणारं बंधन मोडण्यासाठी देशाला काहीच करावं लागत नाही. गप्प बसणं पुरतं.

दुसरी पायरी : तारखांचा क्रम मांडा

आता घटना. १९७९ च्या आरंभी इराणमध्ये क्रांती झाली. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला एका सशस्त्र गटाने तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासावर हल्ला केला होता. तेव्हा नव्या सरकारने लगेच हस्तक्षेप करून दूतावास सोडवला. ऑक्टोबरमध्ये इराणचे पदच्युत राजे शहा यांना उपचारांसाठी अमेरिकेत प्रवेश मिळाला आणि तेहरानमध्ये संताप उसळला. अमेरिकेने दूतावासाच्या संरक्षणाची हमी मागितली, इराणच्या अधिकाऱ्यांनी ती दिली.

४ नोव्हेंबर १९७९ रोजी निदर्शनं करणाऱ्यांतले काहीशे लोक आवारात घुसले. स्वतःला ते इमामाच्या मार्गाचे अनुयायी विद्यार्थी म्हणवत होते. इमारतीचा पूर्ण ताबा घ्यायला त्यांना तीन तासांहून जास्त वेळ लागला. त्या काळात दूतावासातून मदतीची विनवणी वारंवार झाली. दूतावासाचे प्रभारी प्रमुख तर त्या वेळी इराणच्या परराष्ट्र मंत्रालयातच होते. मदत आली नाही, आणि आतल्या कर्मचाऱ्यांना ओलीस धरण्यात आलं.

१७ नोव्हेंबरला क्रांतीचे नेते अयातुल्ला खोमेनी यांनी फर्मान काढलं : अमेरिका शहांना खटल्यासाठी आणि त्यांची मालमत्ता परत देत नाही, तोवर दूतावास आणि ओलीस आहेत तसेच राहतील. अमेरिकेने २९ नोव्हेंबरला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला, आणि २४ मे १९८० रोजी निकाल लागला.

या क्रमातून तीन तुकडे पडतात : ४ तारखेचा हल्ला, हल्ला चालू असतानाचे आणि त्यानंतर लगेचचे दिवस, आणि १७ तारखेनंतरचा काळ.

तिसरी पायरी : हल्लेखोर देशाचे हात होते का?

पहिला तुकडा घ्या. कृत्य देशाच्या नावावर मांडण्याचे काही ठराविक मार्ग आहेत. सर्वांत सोपा मार्ग विधी आयोगाच्या मसुद्याच्या चौथ्या कलमात आहे : कृत्य करणारा देशाचा अवयव असेल, म्हणजे सैनिक, पोलीस, मंत्री, न्यायाधीश, ग्रामपातळीवरचा अधिकारीसुद्धा, तर ते कृत्य देशाचंच. इथे एक गैरसमज फार आढळतो. 'त्याने वरिष्ठांचा हुकूम मोडून केलं' हा बचाव चालत नाही. १८८० मध्ये मेक्सिकोतल्या अंगांग्वेओ गावी जमावाने तीन अमेरिकनांना घरात कोंडलं होतं. जमाव पांगवायला पाठवलेल्या सैनिकांनी उलट त्या घरावरच गोळ्या झाडल्या. १९२६ मध्ये अमेरिका-मेक्सिको दावे आयोगाने मेक्सिकोला जबाबदार धरलं. सैनिक कामगिरीवर होते, अधिकाऱ्याच्या हाताखाली होते, त्यामुळे त्यांची अवज्ञाही देशाच्याच खात्यावर गेली.

पण तेहरानचे विद्यार्थी अवयव नव्हते. मग त्याच मसुद्याच्या आठव्या कलमातला मार्ग तपासायचा : देशाच्या सूचनेवरून, मार्गदर्शनाखाली किंवा नियंत्रणाखाली त्यांनी ते कृत्य केलं का? खोमेनींनी हल्ल्याच्या काही दिवस आधी विद्यार्थ्यांना अमेरिकेविरुद्धचा लढा तीव्र करायला सांगितलं होतं. एवढ्यावर बहुतेकांना वाटतं, झालं, सिद्ध झालं. न्यायालयाला तसं वाटलं नाही. सर्वसाधारण आवाहन म्हणजे या ठराविक दूतावासात घुसण्याचा आदेश नव्हे, असं त्याने ठरवलं. नंतर झालेलं अभिनंदनही हल्ल्याचं मूळ रूप मागे जाऊन बदलत नाही. म्हणून हल्ला हे कृत्य, तेवढ्यापुरतं, इराणचं ठरलं नाही.

हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचताना खटकतो. मला तो आजही कठोर वाटतो, पण त्यामागचं कारण पटतं. चिथावणीखोर भाषण आणि आदेश यांतली रेषा पुसली, तर कोणत्याही नेत्याच्या सभेनंतर कोणी काहीही केलं तरी ते देशाचं कृत्य होईल.

नियंत्रण किती घट्ट असावं लागतं, हे सहा वर्षांनी निकाराग्वा प्रकरणात आणखी स्पष्ट झालं. निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना अमेरिकेने पैसा दिला, शस्त्रं दिली, प्रशिक्षण दिलं. तरी १९८६ च्या निकालात न्यायालय म्हणालं की काँट्रांनी केलेले मानवी हक्कांचे भंग अमेरिकेच्या नावावर मांडायचे, तर ज्या कारवायांत ते झाले त्या कारवायांवर तिचं परिणामकारक नियंत्रण होतं हे दिसायला हवं. ते दिसलं नाही. मात्र पैसा, शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं ही अमेरिकेची स्वतःची कृत्यं होती, आणि त्यांतून तिने दुसऱ्या देशाच्या कारभारात हस्तक्षेप न करण्याचा नियम मोडला, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणजे गटाचं कृत्य देशाच्या नावावर बसत नसेल, तर तिथे वही मिटू नका. देशाने स्वतः काय केलं किंवा काय केलं नाही, तो खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

चौथी पायरी : देशाने स्वतः काय केलं नाही?

माझ्या मते या विषयातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे, आणि नवखे नेमका तोच गाळतात. आता दुसरा तुकडा. ४ नोव्हेंबरचा हल्ला विद्यार्थ्यांचा होता, हे खरं. पण तो थांबवायला पोलीस आले नाहीत, ही निष्क्रियता कोणाची? पोलिसांची, म्हणजे देशाच्या अवयवाची. हे मांडायला आठव्या कलमाची गरजच नाही.

मग प्रश्न उरतो तो एवढाच, की न येणं हा नियमभंग होता का. 'योग्य ती सर्व पावलं' याचा अर्थ 'काहीही करून हल्ला रोखा' असा होत नाही. प्रामाणिक प्रयत्न करूनही जमाव घुसला, तर देश दोषी ठरत नाही. म्हणून दक्षता मोजावी लागते. न्यायालयाने इराणच्या बाबतीत ज्या चार गोष्टी पाहिल्या, त्या मी प्रत्येक नव्या प्रकरणाला लावून पाहतो. आपल्यावर बंधन आहे हे अधिकाऱ्यांना माहीत होतं का? आत्ता कृती करण्याची निकड आहे हे त्यांना कळलं होतं का? कृती करायला साधनं त्यांच्या हाती होती का? आणि असं असूनही त्यांनी काही केलं नाही का?

इराणच्या बाबतीत चारही उत्तरं 'होय' आली. करार इराणने मान्य केला होता. काहीच दिवसांपूर्वी हमी दिली होती, आणि विनवण्या तासन् तास चालू होत्या. तिसरं उत्तर कसं सिद्ध झालं ते पाहण्यासारखं आहे. साधनं होती याचा पुरावा इराणच्याच वागण्यात सापडला : फेब्रुवारीत त्याने हाच दूतावास सोडवून दिला होता, आणि ५ नोव्हेंबरला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, ब्रिटिश दूतावासात घुसलेल्यांना लवकरच बाहेर काढलं होतं. जो देश एका ठिकाणी एका दिवसात जमाव हटवतो, त्याला शेजारच्या ठिकाणी हात बांधलेले होते असं म्हणता येत नाही. तुम्ही एखादं प्रकरण अभ्यासाल तेव्हा अशी जोडी शोधा. तोच देश, तोच काळ, तसाच धोका, पण वागणं वेगळं. हतबलता आणि नाखुशी यांतला फरक याहून स्वच्छ क्वचितच दिसतो.

चुकीचा निष्कर्षही इथेच निघतो. संरक्षण न दिल्याचा दोष सिद्ध झाला म्हणजे हल्लाच देशाने केला, असं होत नाही. दोन वेगळे नियम, दोन वेगळे भंग. बोस्निया विरुद्ध सर्बिया प्रकरणात २००७ मध्ये हा फरक फार वेदनादायक रीतीने समोर आला. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा इथे वंशसंहार झाला, हे न्यायालयाने मान्य केलं. तो सर्बियाच्या अवयवांनी किंवा नियंत्रणाखालील लोकांनी केला, हे सिद्ध झालं नाही. पण तो रोखण्यासाठी आपला प्रभाव वापरण्याचं बंधन सर्बियाने मोडलं, असं ठरलं. पुढे भरपाईचा प्रश्न आला तेव्हा न्यायालय म्हणालं की सर्बियाने प्रयत्न केला असता तर संहार टळलाच असता असं पुरेशा खात्रीने सांगता येत नाही, म्हणून आर्थिक भरपाई नाही. दोष कोणत्या दारातून आत आला, यावर शेवटी हाती काय पडतं ते ठरतं.

पाचवी पायरी : देशाने ते कृत्य आपलं म्हणून उचललं का?

आता तिसरा तुकडा. १७ नोव्हेंबरच्या फर्मानानंतर चित्र पालटलं. देशाच्या सर्वोच्च सत्तेने ताबा आणि ओलीस चालू ठेवण्याचा निर्णय घेतला, आणि त्यांचा वापर दुसऱ्या देशावर दबाव आणण्यासाठी केला. न्यायालयाने म्हटलं की या मान्यतेमुळे आणि ताबा चालू ठेवण्याच्या निर्णयामुळे त्यानंतरची कैद हे इराणचंच कृत्य झालं, आणि ओलीस धरणारे आता त्या देशाचे हस्तक ठरले. माणसं तीच, खोल्या त्याच, पण कायद्याच्या नजरेत करणारा बदलला. या निकालाचा ठसा विधी आयोगाच्या अकराव्या कलमावर स्पष्ट दिसतो.

मात्र 'शाबास' म्हणणं आणि 'हे आमचं' म्हणणं यांत अंतर आहे. नुसता पाठिंबा, आनंद, अभिनंदन पुरत नाही. देशाने ते कृत्य ओळखून स्वतःचं म्हणून स्वीकारलेलं असावं लागतं, मग ते शब्दांनी असो वा वागण्याने. कसं ओळखायचं? विधानानंतर काय बदललं ते पाहा. विधानाने ती स्थिती टिकवली का, तिच्यावर अटी घातल्या का, सरकारी यंत्रणा तिच्याभोवती कामाला लागली का? नुसती स्तुती काही बदलत नाही. १७ तारखेच्या फर्मानात सुटकेच्या अटी होत्या, आणि काही ओलीस त्याच फर्मानाच्या बळावर सुटले. ज्याच्या शब्दावर कुलूप उघडतं, त्याचीच ती कोठडी.

सहावी पायरी : बचाव तपासा

इराण न्यायालयात हजर झाला नाही, फक्त दोन पत्रं पाठवली. त्यांत म्हणणं असं होतं की ओलिसांचा प्रश्न गौण आहे, खरा प्रश्न अमेरिकेने पंचवीस वर्षं इराणमध्ये केलेल्या हस्तक्षेपाचा आहे. हा युक्तिवाद हलका नव्हता. ती तक्रार पोकळ आहे असं न्यायालयाने म्हटलंही नाही. पण दुसऱ्याने आधी आपल्याविरुद्ध नियम मोडला असेल, तर प्रत्युत्तर म्हणून काय करता येतं याला मर्यादा आहेत. यजमान देश राजनैतिक अधिकाऱ्याला अस्वीकार्य ठरवून घरी पाठवू शकतो, संबंधच तोडू शकतो. त्याला कैदेत टाकू शकत नाही. दूतांची अलंघ्यता प्रत्युत्तराच्या कक्षेबाहेर आहे, आणि आयोगाच्या ५० व्या कलमातही तसंच लिहिलेलं आहे.

आणखी दोन बचाव पटकन बाजूला सारता येतात. 'आमच्या देशातल्या कायद्याने हे चालतं' हे उत्तर आंतरराष्ट्रीय दोष पुसत नाही. 'ते जुन्या राजवटीने केलेले करार' हेही नाही, कारण सरकार उलथलं तरी देश तोच राहतो. बाकीची कारणं, म्हणजे स्वसंरक्षण, अनिवार्य आपत्ती, अटळ गरज, त्या त्या प्रकरणात उद्भवली तरच उघडा.

सातवी पायरी : दावा कुठे, आणि कोणाचा

देश दोषी असणं आणि त्याला न्यायालयात आणता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार संमतीवर चालतो. इथे दोन्ही देशांनी व्हिएन्ना करारांना जोडलेले, वाद सोडवण्याविषयीचे ऐच्छिक पूरक करार मान्य केले होते, आणि त्यांच्यात १९५५ चा मैत्री करारही होता. म्हणून इराणच्या गैरहजेरीतही खटला चालला. अशी संमती सापडत नसेल, तर उरतात वाटाघाटी आणि प्रत्युत्तराचे उपाय.

दोष ठरला की परिणाम ठराविक क्रमाने येतात. चालू भंग थांबवायचा, मग भरपाई करायची : शक्य तिथे आधीची स्थिती परत आणायची, नाही तर पैसे द्यायचे, आणि पैशात न मोजता येणाऱ्या अपमानासाठी चूक कबूल करण्यासारखं समाधान द्यायचं. ओलिसांना ताबडतोब सोडा हा आदेश न्यायालयाने एकमताने दिला. भरपाई द्यावी लागेल हे १२ विरुद्ध ३ मतांनी ठरलं, रक्कम पुढे ठरवायची होती.

पण ज्यांनी ते भोगलं त्यांच्या दृष्टीने शेवट वेगळाच झाला. शेवटपर्यंत अडकलेले ५२ जण ४४४ दिवसांनी, २० जानेवारी १९८१ रोजी सुटले, ते अल्जीरियाच्या मध्यस्थीने झालेल्या तडजोडीमुळे. त्या तडजोडीत अमेरिकेने ओलिसांच्या कैदेबद्दलचे इराणविरुद्धचे दावे सोडून दिले, आणि मे १९८१ मध्ये खटला यादीतून काढला गेला. हे होऊ शकलं, कारण देशादेशांमधल्या या कायद्यात दावा देशाचा असतो, सोसणाऱ्या माणसाचा नाही. देश तो मांडतो, आणि देश तो सोडूनही देऊ शकतो. सुटलेल्यांनी नंतर स्वतः इराणवर खटले भरायचा प्रयत्न केला, तेव्हा याच तडजोडीवर ते अडले. पैशांची तरतूद झाली ती डिसेंबर २०१५ मध्ये, अमेरिकेच्याच संसदेने केलेल्या कायद्याने : कैदेच्या प्रत्येक दिवसामागे १०,००० डॉलरपर्यंत, अमेरिकेनेच उभारलेल्या निधीतून.